चार्टर लिहून केलेलं टेस्टिंग ‘एक्सप्लोरेटरी’ कसं?

मृण्मयी_क
नव्या फूड डिलिव्हरी ॲपवर टेस्टर म्हणून लागून दोन महिने झाले. लीड म्हणाले, ९० मिनिटांचं एक्सप्लोरेटरी सेशन कर, आधी चार्टर लिही, नंतर नोट्स दाखव. मी चार्टर लिहिला, “कार्ट तपासणे”. नोट्स अशा: “कार्ट ओके. कूपन ओके. पेमेंट ओके, एकदा रक्कम चुकीची दिसली, पुन्हा तसं झालं नाही.” दोन्ही परत आलं. आधीच सगळं लिहायचं तर ते स्क्रिप्टेडच झालं ना? आणि नोट्स लिहीत बसले तर टेस्टिंग कधी करू?

रात्रपाळी_डेव्ह
मृण्मयी, तुझं बरोबर आहे. चार्टर म्हणजे कागदी घोडे. आमच्याकडचे सगळ्यात भारी बग अकाउंट्समधल्या एका काकांनी काढले. त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, जेवण मागवा. भरलेल्या कार्टमध्ये त्यांनी पत्ताच बदलला, तर हॉटेल तिथे पोचवत नसतानाही ऑर्डर गेली. हे कुठल्या चार्टरात असतं?

तपासनीस_बाई
काकांचा बग खराच भारी, पण पुढच्या बिल्डला काका तेच करतील का, आणि मधे त्यांनी काय काय दाबलं होतं, हे कुणाला ठाऊक?

मृण्मयी, “कार्ट तपासणे” हा चार्टर नाही, तो पत्ता झाला, आणि तोही नुसता ‘पुणे’ एवढाच. उलट “कूपन लावून एक पदार्थ काढला की कूपन जातं का बघणे” लिहिलंस, तर ती सरळ टेस्ट केस. चार्टर या दोन्हींच्या मधला असतो. कुठे फिरायचं, काय सोबत घ्यायचं आणि कशाच्या शोधात, एवढंच त्यात येतं. पावलं येत नाहीत. परवाचा माझाच सांगते:

“कार्ट आणि यूपीआय ॲप यांच्यातली ये-जा तपासायची. सोबत कूपन लागलेलं कार्ट आणि कमी रॅमचा एक फोन. पडद्यावरची, मागणीतली आणि ऑर्डरमधली रक्कम कुठे वेगवेगळी होते ते शोधायचं.”

बिल्ड आतल्या लोकांपुरतं उघडलेलं होतं, पण पैसे खरे कापले जायचे. आता नोट्समधला तुकडा जसाच्या तसा:

११:०७ मिसळ २ × ११० + ताक २ × ४० = ३००. कूपन (२९९ च्या वर ७५ सूट) लागलं. डिलिव्हरी ३०. पडदा २५५.
११:०९ पैसे भरा → यूपीआय ॲप, मागणी २५५. पिन न टाकता मागे. कार्ट जागेवर.
११:१० एक ताक काढलं. कूपन आपोआप गेलं, बरोबर. २६० + ३० = पडदा २९०.
११:११ पैसे भरा → मागणी २५५!! २१५ नाही, २५५. का?
११:१४ ॲप पूर्ण बंद करून तेच कार्ट → मागणी २९०. म्हणजे मागे येण्याशी संबंध?

११:११ ची ओळ बघ. मी नुसतं “रक्कम चुकली” लिहिलं असतं, तर सगळ्यांनी कूपनला धरलं असतं. पण कूपन चिकटून राहिलं असतं तर मागणी २६० − ७५ + ३० म्हणजे २१५ आली असती. आली २५५, म्हणजे पहिल्या वेळचीच. पेमेंटची जुनी मागणीच पुन्हा वापरली जात होती, कार्ट बदललं तरी नवी तयारच होत नव्हती. आमच्या डेव्हलपरला मी बग दिला नाही, आकडा दिला. त्याला जागा सापडायला दहा मिनिटं लागली. तुझी “एकदा चुकीची दिसली” हीसुद्धा कदाचित हीच असेल, पण आता कोण सांगणार?

रात्रपाळी_डेव्ह
आकड्याचं मान्य. पण चार्टरशिवायही तुम्हाला हेच दिसलं असतं.

तपासनीस_बाई
दिसलं असतं, थांबले नसते. तीन ठिकाणची रक्कम जुळवायची हे डोक्यात होतं, म्हणून यूपीआयच्या पडद्यावर आकडा वाचला. एरवी तिथे कोण वाचतं हो, आपण पिन टाकतो.

स्क्रीन_रेकॉर्ड
एवढं टाइप कशाला? रेकॉर्डिंग लावून ठेवायचं, बग दिसला की मागे जाऊन बघायचं. वेळही त्यातच सापडते. मी वर्षभर असंच करतो.

तपासनीस_बाई
रेकॉर्डिंग मीही लावते, पुरावा म्हणून. पण बऱ्याच यूपीआय ॲपच्या आत गेलं की रेकॉर्डिंग काळं होतं, त्यांनी ते मुद्दाम अडवलेलं असतं. म्हणजे २५५ चा आकडा नेमका तुमच्या व्हिडिओत नसता. आणि “का?” हा शब्द कुठल्याच व्हिडिओत येत नाही. नोट म्हणजे काय दाबलं याची यादी नव्हे. काय वाटलं होतं आणि काय झालं, ते लिहायचं. दाबलेलं सगळं लिहू नकोस, मृण्मयी. अवस्था बदलली की एक ओळ, आश्चर्य वाटलं की एक ओळ, बस.

डबेवाली_अनुराधा
मी तुमच्यातली नाही, माझं घरगुती पोळीभाजी केंद्र आहे आणि अशाच एका ॲपवर आहे. तपासायचंच असेल तर आमची बाजू तपासा! पालक संपला म्हणून भाजी बंद करते, तरी दहा मिनिटं ऑर्डरी येतच राहतात. मग मीच रद्द करायच्या आणि रेटिंग माझं घसरतं. कूपनचं काय घेऊन बसलात?

मृण्मयी_क
अनुराधाताई, हे आमच्याकडे कुणी बघितलेलंच नाही! आम्ही हॉटेलचं ॲप वेगळं आणि ग्राहकाचं वेगळं तपासतो, दोन्ही फोन समोर ठेवून कधीच नाही.

तपासनीस_बाई
हा घे तयार चार्टर. एका हातात हॉटेलचा फोन, दुसऱ्यात ग्राहकाचा. पदार्थ तीन वेळी बंद करून बघ: ग्राहक मेनू बघत असताना, कार्टमध्ये टाकल्यावर, आणि पैसे भरायच्या पडद्यावर असताना. दर वेळी घड्याळ लिही. ताई म्हणतात ती दहा मिनिटं मेनू जुनाच साठवून दाखवल्यामुळे आहेत की ऑर्डर घेताना पुन्हा तपासतच नाहीत, ते त्यावरून कळेल. पहिल्यात नुसता मनस्ताप, दुसऱ्यात पैसे कापून ऑर्डर रद्द.

रात्रपाळी_डेव्ह
बरं, एक सांगा. यूपीआयच्या चार्टरवर असताना समजा रायडरचा ठिपका नकाशावर खाडीत दिसला. सोडून द्यायचा? समोरचा बग सोडणं मला पाप वाटतं.

तपासनीस_बाई
एक ओळ, एक स्क्रीनशॉट, पुढे. त्याचं वेगळं सेशन.

रात्रपाळी_डेव्ह
आणि तोवर रायडर खाडीतून बाहेर आला तर? असे बग बोलावल्यावर येत नाहीत. मी तरी तिथेच थांबेन, चार्टर गेला खड्ड्यात.

तपासनीस_बाई
थांबा, पण तसं लिहून थांबा. “११:३० ते ११:५० चार्टरबाहेर” एवढं असलं की लीडला कळतं, यूपीआयला ९० नव्हे, ७० मिनिटंच मिळाली. बाख बंधूंनी २००० साली ही सेशनची पद्धत मांडली, तीत चार्टरबाहेरचा वेळ, बगमागे गेलेला वेळ आणि तयारीत गेलेला वेळ यांचा हिशेब यासाठीच ठेवायचा असतो.

स्क्रीन_रेकॉर्ड
तयारीचा वेळ तरी धरू नका. आमच्या टेस्ट सर्व्हरवर ओटीपी यायलाच अर्धा तास जातो. तो माझ्या नावावर का?

तपासनीस_बाई
तुमच्या नावावर नाही हो, सर्व्हरच्या नावावर. लिहिलाच नाहीत तर तो दुरुस्त कोण करणार?

स्क्रीन_रेकॉर्ड
आमच्या लीडला हे पटवा आधी. तिथे ओळ दिसली की “तू काय केलंस” हेच विचारतात.

मृण्मयी_क
उद्या दोन फोन घेऊन बसते. ताई, तुम्ही पदार्थ बंद करता तेव्हा एकेक करता की अख्खा मेनू एकदम?

डबेवाली_अनुराधा
एकेक. दुपारी एकला अख्खं दुकानच बंद करते, आणि तेव्हाही दोन ऑर्डरी येतातच.