ग्राइंडरचा रिकामा वेळ: दोन तास की चार?

> वाळूजच्या शेडमधले चार जॉब, आधी लेथ मग ग्राइंडर. तास असे: अ 6, 3, ब 2, 5, क 7, 8, ड 4, 1. एकूण 21 तास आले, पण ग्राइंडर रिकामा 2 तास येतो. उत्तर 4 आहे. कुठं चुकलं?

तुम्ही सुरुवातीची वाट पाहणं धरलेलं नाही.

जॉन्सनच्या नियमाने सगळ्यात लहान आकडा 1, तो ड चा ग्राइंडरवरचा, म्हणून ड शेवटी. मग 2, ब चा लेथवरचा, म्हणून ब पहिला. पुढचा 3 अ चा ग्राइंडरवरचा, म्हणजे अ ड च्या आधी. उरला क. क्रम ब, क, अ, ड.

लेथवरून जॉब 2, 9, 15 आणि 19 व्या तासाला सुटतात. ग्राइंडर 0 ते 2 नुसता उभा असतो. ब 7 ला संपतो, पण क 9 ला येतो, तिथं आणखी 2 तास जातात. त्यानंतर खंड नाही: 17, 20, 21. रिकामा वेळ 2 + 2 = 4.

ताळा सोपा आहे: 21 मधून ग्राइंडरचं काम 17 वजा करा. लेथचे शेवटचे 2 तासही, 19 ते 21, रिकामे धरतात. परीक्षेत हेच हमखास सुटतं. अ, ब, क, ड असाच क्रम ठेवला असता तर 24 तास लागले असते, ग्राइंडर 7 तास रिकामा.

शेडमध्ये मात्र एक बघा. सेटिंगचा वेळ आधीच्या जॉबवर अवलंबून असेल, तर हा क्रम सर्वोत्तम राहीलच असं नाही.