परीक्षेच्या दिवसांतले रात्रीचे जेवण: तुमच्या घरी काय जमले?

चाफेकळी: काल रात्री साडेदहाला शेजारून पुऱ्या तळल्याचा वास आला. त्यांच्या मुलीची दहावी आहे. मला लेकाचे दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. तो शिकवणीहून नऊला यायचा, भरपेट जेवायचा आणि पुस्तक उघडताच डुलक्या घ्यायचा. सकाळी भूक नसल्यामुळे नुसत्या चहावर बाहेर पडायचा. सराव परीक्षेत साडेबाराच्या सुमारास त्याचे डोके दुखू लागले आणि येत असलेले दोन प्रश्न राहून गेले. त्यानंतर आम्ही जेवण अलीकडे ओढले. शिकवणीला जाण्यापूर्वी, साडेपाचला, दोन पोळ्या, मटकीची उसळ आणि काकडी; परत आल्यावर फक्त वाटीभर मऊ मुगाची खिचडी. आठवडाभरात तो सकाळी स्वतःहून डब्यांची झाकणे उघडून पाहू लागला. तुमचे अनुभव लिहावेत.

सांजवेळ: आमच्याकडे रात्रीचा भात पूर्ण बंद केला, कारण झोप भातानेच येते. अकरा वाजता कडक कॉफी दिली की मुलगा दोनपर्यंत वाचतो.

रानवाट: मी बरीच वर्षे शाळकरी मुलांच्या आहाराचे काम केले आहे. भाताने सुस्ती येते हे काही अंशी खरे आहे, पण ताटभर पोळ्या आणि तळणानेही ती येते. प्रश्न प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. कॉफीचा अंमल मात्र पाच-सहा तास सहज राहतो, त्यामुळे दोनला आडवे झाले तरी झोप उथळ लागते आणि वाचलेले पक्के होण्यासाठी तर गाढ झोप लागते. चाफेकळी यांनी पाहिलेली सकाळची भूक ही चांगली खूण आहे. ती लागत नसेल, तर आदल्या रात्रीचे जेवण उशिरा किंवा जड झाले का, हे आधी पाहावे. पेपर अकराला असेल तर साडेआठच्या सुमारास मुगाची दोन धिरडी किंवा शेंगदाणे घातलेले पोहे द्यावेत. नुसत्या बिस्किटांवर पाठवलेल्या मुलाला पेपर अर्धा होण्याआधीच भूक लागते. हा बदल दोन आठवडे आधी करावा, पहिल्या पेपरच्या दिवशी नव्हे.

पिंपळपान: मी रात्रपाळी करतो. मलाही पहाटे चारला पेंग येते. ही खिचडी मला चालेल का?

चाफेकळी: पिंपळपान, पाळीवर जाण्यापूर्वी नीट जेवून मध्ये थोडीशी खाऊन पाहा. ती पातळ ठेवा.

अबोली: माझ्या मुलीची अडचण वेगळीच आहे. रात्री आठला हलके जेवते, वेळेवर झोपते, तरी पेपरच्या सकाळी घास तोंडात फिरतो आणि आग्रह केला तर उलटी होते. मागच्या वेळी मी रागावले, त्याचे अजून वाईट वाटते.

रानवाट: तिला चावायला लागेल असे काही देऊ नका. नाचणीची पातळ पेज किंवा ताक घालून कालवलेला मऊ भात, चार-चार चमचे, तासाभरात मिळून संपेल असा द्या. सुट्टीच्या दिवशीही असेच होते का, हेही पाहा. होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

अबोली: सुट्टीला व्यवस्थित खाते. पेज उद्यापासून सुरू करते. शनिवारी सराव पेपर आहे, तेव्हा कळेल.

सांजवेळ: कॉफी आजपासून सातच्या आत. भाताबद्दल माझे मत अजून तेच आहे.