मदत हवी आहे: वर्तुळावर सहा बिंदू घेतले की ३२ ऐवजी ३१ विभाग का?

नववी-दहावीच्या मुलांना समजावायचं आहे. वर्तुळावरचे सगळे बिंदू एकमेकांना जोडले की विभाग होतात १, २, ४, ८, १६ आणि सहाव्या बिंदूला ३१. कुठल्याही तीन जीवा आत एकाच बिंदूत छेदत नाहीत, असं धरलंय. (सुसम षट्कोन घेतला तर तीन कर्ण केंद्रात भेटतात आणि ३०च भरतात, म्हणून तो नको.)

मोजणी जमली आहे. एकेक जीवा काढत गेलं की प्रत्येक जीवेमागे एक आणि तिच्यावरच्या प्रत्येक नव्या छेदनबिंदूमागे एक विभाग वाढतो. जीवेला दोन बिंदू लागतात, छेदनबिंदूला चार. म्हणून सहा बिंदूंना १ + १५ + १५ = ३१.

दुप्पट का होतं, तेही यातूनच दिसतं. विभाग म्हणजे ०, २ किंवा ४ बिंदूंचे गट. पाच बिंदूंपर्यंत सम संख्येचे सगळे गट यात येतात, आणि असे गट प्रत्येक नव्या बिंदूला दुप्पट होतात. सहा बिंदूंना असे गट ३२, पण सहाही बिंदूंच्या गटाला आकृतीत जागाच नाही. तोच एक कमी पडतो.

अडचण पुढे आहे. कोणता विभाग कोणत्या गटाचा, हे जीवा काढण्याच्या क्रमावर ठरतं. क्रम बदलला की जोड्या बदलतात. मुलांच्या हातात मात्र पूर्ण झालेली आकृती असते. ऑयलरचं सूत्र त्यांना माहीत नाही, तेही टाळायचंय.

तयार आकृतीकडे बघून, क्रम न विचारता, प्रत्येक विभागाला त्याचा गट नेमून देणारा नियम कोणी सांगेल का?