अनुभव: आई-बाबांना लिहिलेलं ‘मला एक वर्ष द्या’चं पत्र

मेघा_नागपूर
काल मामेबहीण आली होती. बी.टेक. झालं, कॅम्पसमधून नोकरीही लागली, पण तिला आधी धंद्याच्या दोन-तीन कल्पना तपासून पाहायच्या आहेत. म्हणाली, “ताई, बाबांसमोर विषय काढला की भांडणच होतं. पत्र लिहू का?” मी कपाटातून माझं जुनं पत्र काढलं अन् वाचता वाचता दोघी रडलो.

मीही फूड टेक्नॉलॉजी केलेली. बाबा जिल्हा परिषदेत, आई शिक्षिका, काकांची काटोलजवळ संत्र्याची बाग. पत्रातला हा भाग देते:

“बाबा, हे वर्ष मी संत्र्याच्या हिशेबानं मागते आहे. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. सहाच महिने घेतले तर एकच बहार हाती लागेल आणि पहिल्यात जे बिघडलं ते दुसऱ्यात सुधारून पाहता येणार नाही. दोन कल्पना आहेत. चुरीचा, म्हणजे काका मातीमोल भावानं विकतात त्या बारक्या फळांचा, रस बाटलीत भरून विकणे. आणि चांगल्या फळांच्या पेट्या थेट पुण्याच्या घरांत पोचवणे. ओळखीच्यांनी कौतुकानं एकदा घेतलेली पेटी मी विक्री धरणार नाही. तोच माणूस मी न विचारता परत पैसे देऊन मागवेल, तीच धरीन. एप्रिलअखेर अर्धी घरं परत आली नाहीत तर जूनपासून नोकरी शोधीन. तुमच्या पीएफला आणि घराच्या कागदांना हात लावणार नाही. आई, तू हिशेबाची वही तपासत जा, दर महिन्याला.”

तुमच्यापैकी कुणी असं पत्र लिहिलंय, किंवा कुणाला आलंय? लिहा ना.

सुनंदा_ताई
वाचून डोळे भरले गं. माझ्या मुलीनं असंच लिहून फ्रिजवर लावलं होतं. ह्यांनी चार दिवस फ्रिज उघडला नाही, पाणीसुद्धा माठातलंच. कुकर झाला, नंतर लिहिते.

वऱ्हाडी_ठेचा
रसाचं काय झालं मंग? काटोलच्या संत्र्याचा रस तं गोडच लागते. आमच्या बर्डीवर गाडीवाला काढून देते, एकदम मस्त.

मेघा_नागपूर
@वऱ्हाडी_ठेचा गाडीवर लगेच पितो म्हणून गोड. मी संध्याकाळी काढलेला रस सकाळी आईला दिला, तिनं तोंड वाकडं केलं. उकळून भरलेला तर औषधासारखा कडू. साखर वाढवून पाहिली, कडूपणा तसाच मागे राहतो.

प्राची_फूडटेक
तो कडूपणा लिमोनिनचा. अख्ख्या फळाच्या गरात ते कडू रूपात जवळजवळ नसतंच. त्याचा बिनचवीचा पूर्वज पडद्यांत आणि बियांत असतो. फळ पिळलं की रसातल्या आंबटपणामुळे तो हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, गरम केलं की भराभर. म्हणून ताजा रस चाखून ठरवायचंच नाही. एक पेला झाकून रात्रभर ठेवायचा, दुसरा गरम करून गार करायचा, तिसरा ताजा काढायचा आणि तिन्ही शेजारी ठेवून चाखायचे. एवढ्यात कळतं. बिया न फुटू देता हलक्या हातानं पिळलं तर कमी होतं, जात नाही. मोठ्या कारखान्यांत रस रेझिनमधून काढून कडूपणा शोषून घेतात, पण ती यंत्रणा घरगुती भांडवलात बसत नाही. तुझी कल्पना कष्ट कमी पडून नाही गेली, मेघा. फळच तसं आहे.

मेघा_नागपूर
हो, आणि हे आंबियातच कळलं म्हणून मृगाचा सगळा वेळ पेट्यांना देता आला. मी बाबांना तिन्ही पेले चाखायला लावले होते. त्यानंतर ते स्वतःच विचारायला लागले, “पेट्यांचं काय?”

निखिल_बुटीबोरी
मी एमपीएससीसाठी घरी असंच पत्र दिलं होतं. वडील म्हणाले, ठीक आहे, पण किती वर्षं ते लिही. मी लिहिलं नाही. आता कंपनीत आहे, बरं चाललंय. पण ती जूनची ओळ वाचून वाटलं, अशी ओळ माझ्या पत्रात असती तर वडिलांना शेजाऱ्यांसमोर उत्तर देता आलं असतं.

कैलास_भाऊ
शिक्षण कर्ज असंल तं टेन्शनच नाही बाप्पा. कोर्स झाल्यावर एक वर्ष बँक काही मागत नाही. फुकटात वर्ष भेटते.

धरमपेठचे_काका
कैलास, मी बँकेतून निवृत्त झालो, म्हणून सांगतो. हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, तेवढं बरोबर. पण व्याज त्या काळातही चढतच असतं आणि भरलं नाही तर पुढे मुद्दलात मिळतं. माझ्या मुलानं पत्र दिलं तेव्हा त्यात स्वप्नं पुष्कळ होती, “तुमचं नाव मोठं करीन” होतं. मला रात्री झोप येत नव्हती ती एकाच गोष्टीनं, की जामीनदार मी आहे आणि हप्ता सुरू झाला की कोण भरणार? त्यानं ते लिहिलंच नव्हतं. मी विचारलं तर त्याला वाटलं, बाबांचा विश्वास नाही. विश्वास पूर्ण होता. मेघाताई, तुमचं कर्ज होतं का?

मेघा_नागपूर
होतं, काका. पत्राच्या पुढच्या पानावर तेच होतं. संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन दर महिन्याचं व्याज भरायचं, म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज होतं तेवढंच राहील. बाबांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. बाकी पत्रावर काहीच खूण नाही.

रेवती_के
ताई तो पत्राचा फॉरमॅट पाठवाल का? मला कॉलेजला गॅप सर्टिफिकेटसाठी द्यायचंय

सुनंदा_ताई
@रेवती_के अगं ते वेगळं, त्याला प्रतिज्ञापत्र लागतं. कॉलेजच्या ऑफिसात विचार.

मेघा, पेट्या पोचायच्या का धड? आमच्या नणंदेला पाठवल्या होत्या, निम्म्या सडल्या.

मेघा_नागपूर
पहिल्या खेपेला आमच्याही सडल्या. ट्रकवर राग काढणार होतो, पण सडलेली फळं उलटी करून पाहिली तर बुरशी देठापासूनच पसरलेली. बागेत मजूर फळ ओढून तोडतात. संत्र्याची साल सैल, त्यामुळे देठाशी बारीक चीर पडते आणि बुरशी तिथूनच शिरते. मृगात काकांनी कात्रीनं, देठ अगदी फळालगत ठेवून तोडायला लावलं, कारण लांब देठ शेजारच्या फळाला टोचतो. दवाची फळं सकाळी तोडणं बंद केलं. पेटीला भोकं वाढवली. सडणं बरंच उतरलं. तोडणीची मजुरी मात्र वाढली, आणि ती पुण्यातल्या भावात बसवणं हेच सगळ्यात अवघड गेलं.

वऱ्हाडी_ठेचा
कळमन्याच्या बाजारात पाठवली असती तं एवढी झंझट नसती ना

प्राची_फूडटेक
कळमन्यात भाव व्यापारी ठरवतो, इथे ती ठरवत होती. फरक आहे भाऊ.

धरमपेठचे_काका
मग एप्रिलअखेर अर्धी घरं परत आली का?

मेघा_नागपूर
अर्ध्याहून थोडी जास्त आली. पण मजुरी, पेटी, गाडीभाडं जाऊन जे उरलं त्यात माझा पगार निघत नव्हता. पत्रात मी फक्त परत येणारी घरं मोजायची म्हटलं होतं, उरणाऱ्या पैशाचा आकडा ठरवलाच नव्हता. बाबा म्हणाले, अट पूर्ण झाली, अजून एक वर्ष घे. आई म्हणाली, वही बघ. घरात पहिल्यांदाच त्या दोघांचं माझ्यावरून उलटं भांडण झालं. शेवटी मी पॅकेजिंगच्या कंपनीत लागले आणि पेट्या काकांच्या मुलानं हंगामापुरत्या चालू ठेवल्या, त्याचं घर बागेतच असल्यामुळे त्याला परवडतं.

बहिणीला मी म्हटलंय, उरणाऱ्या पैशाचीही अट लिही. प्राचीला काय वाटतं? पहिल्याच वर्षी नफ्याची अट घालणं जाचक होईल का?

प्राची_फूडटेक
नफ्याची नको. एका पेटीमागे काही उरतं का, एवढीच घाल. स्वतःचा पगार पहिल्या वर्षी धरला तर कुठलीच कल्पना टिकणार नाही.

धरमपेठचे_काका
मला नाही पटत. पगार धरलाच पाहिजे, कागदावर तरी. नाहीतर पोर वर्षभर फुकट राबते आणि धंदा चालतोय असं सगळ्यांना वाटत राहतं.

सुनंदा_ताई
काका बरोबर बोलले. आमच्याकडे अगदी हेच झालं, मुलीचं. पोळ्या आटोपते अन् सविस्तर लिहिते. मेघा, बहिणीची कल्पना कसली आहे ते तर सांग!