दादाचा रविवारचा फोन आईला लागत नाही, मदत हवी आहे

रामबागकर (इंदूर): तीन रविवार झाले. दादा परदेशातून कॉलिंग ॲपवरून फोन करतो, त्याला रिंग ऐकू येते, इथे फोन वाजतच नाही. आई साडेअकराला खिडकीत उपड्या डब्यावर फोन ठेवून बसते, रेंज तिथेच येते. दोन वाजले तरी जेवत नाही. लवकर सांगा.

मकरपुरा_जोशी: रोमिंग पॅक घ्या, विषय संपला.

रामबागकर: दादा एसी फिटर आहे. रोमिंगला दिवसाचे शेकड्यांनी जातात, ॲपवर मिनिटाला दोनेक रुपये.

नीता_ग्वाल्हेर: कुठल्या देशात? व्हॉट्सॲप कॉल का नाही? माझा भाचा मस्कतला व्हीपीएन लावून करतो.

रामबागकर: शारजा. आईचा फोन बटणांचा आहे.

जुना_एक्स्चेंजवाला: नीताताई, व्हीपीएनचं सुचवू नका. अमिरातीत व्हॉट्सॲप कॉल बंद असतात आणि बंदी चुकवायला व्हीपीएन वापरला तर दंड लाखो दिरहमांत आहे. भाऊ, ॲपमधून फोन केल्यावर समोर कोणता नंबर दिसतो?

रामबागकर: त्याचा इथलाच, +91 वाला. आईने ओळखावा म्हणून त्यानेच लावलाय. ते सिम बँकेच्या ओटीपीपुरतं चालू आहे, पण तो ते घरीच ठेवून गेलाय.

जुना_एक्स्चेंजवाला: मग तेच कारण दिसतंय. ऑक्टोबर 2024 पासून परदेशातून येणाऱ्या कॉलवर भारतीय नंबर दिसला, तर तो नंबर खरंच बाहेर रोमिंगवर आहे का ते तपासतात. फसवणुकीचे कॉल असेच यायचे. तुमचं सिम घरात, म्हणून कॉल वाटेतच अडतो. आधी खात्री करा: दादाने शारजाच्या सिमवरून आईला थेट एक मिस्ड कॉल द्यावा. वाजला तर आईचा फोन ठीक आहे. मग ॲपच्या सेटिंगमध्ये +91 काढून तिथला +971 नंबर लावायचा.

मकरपुरा_जोशी: माझ्या साडूचा +91 वरून लागतो.

जुना_एक्स्चेंजवाला: त्यांचं सिम तिकडे रोमिंगवर असेल.

नीता_ग्वाल्हेर: आईंना साधा स्मार्टफोनच घेऊन द्या, बोटिम ॲपवर बोलतील.

रामबागकर: नीताताई, मोतीबिंदूमुळे तिला काचेवरचं दिसत नाही. बटणं बोटांनी चाचपते.

रामबागकर (रविवार): मिस्ड कॉल वाजला. नंबर बदलला. फोन आला आणि आईने कट केला! परदेशी नंबर उचलू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. आता +971 सकट नंबर ‘दादा’ नावाने सेव्ह केलाय. दुसऱ्यांदा लागला, चाळीस मिनिटं बोलले. तिने आधी विचारलं, जेवलास का. पण न लागलेल्या कॉलचेही पैसे कापलेत, ते परत मिळतात का?

मकरपुरा_जोशी: आमचेही कापले होते. तक्रार केली, अजून उत्तर नाही.