मदत हवी आहे: हॅमस्ट्रिंग दुखावलेल्या मुलीला पुन्हा वेगात कधी आणि कसं पळवायचं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी शाळेच्या मैदानावर मुलांना धावणं शिकवतो. माझ्याकडची एक मुलगी सोळा वर्षांची आहे, १०० आणि २०० मीटर पळते. साधारण तीन आठवड्यांपूर्वी ६० मीटरच्या पूर्ण वेगाच्या फेरीत शेवटच्या दहा मीटरला तिने एकदम मांडीच्या मागे हात लावला आणि लंगडत थांबली. डॉक्टरांनी तपासून स्नायू थोडा फाटलाय, तीन आठवडे विश्रांती द्या, मग हळूहळू सुरू करा असं सांगितलं.

आता चालताना, जिना चढताना तिला काही होत नाही. पण 'हळूहळू' म्हणजे नेमकं काय, हे मला कळत नाही. आज जॉगिंग, परवा स्ट्राइड्स, पुढच्या आठवड्यात स्टार्टिंग ब्लॉक, असं दिवस मोजून करायचं की दुसरं काही बघायचं? माझ्याकडे मातीचं २०० मीटरचं मैदान, स्टॉपवॉच, मोबाइल आणि चार बाक आहेत. मशिन वगैरे काही नाही. महिन्याभराने विभागीय स्पर्धा आहे. घरचे आणि शाळा दोघेही रोज विचारतात. मैदानावर स्वतः करता येतील अशा कसोट्या सांगा.

हिरवळ

सर, तीन आठवडे झालेत ना, मग स्नायू भरून आला असणार. आता रोज सकाळ-संध्याकाळ स्ट्रेचिंग द्या. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता आली की पळायला सोडा. आमच्या कबड्डीच्या मुलांना असंच करतो.

फिजिओताई

@माणदेशी, बाकी सगळं नंतर. आधी दोन गोष्टी सांगा. दुखरी जागा नेमकी कुठे होती? आणि वर्गात लाकडी बाकावर बसल्यावर तिला दुखतं का?

या वयात स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला चिकटतो, तिथला हाडाचा कोवळा तुकडा अजून पक्का जुळलेला नसतो. जोराचा ताण आला की कधीकधी स्नायू फाटण्याऐवजी तो तुकडाच ओढला जातो. नितंबाच्या घडीत, अगदी हाडावर दुखत असेल, बसताना टोचत असेल किंवा त्या वेळी 'फट्' असं जाणवलं असेल, तर आधी एक्स-रे काढायचा. तो येईपर्यंत स्ट्रेचिंगही नको. मोठ्यांच्या दुखापतीसाठीचं वेळापत्रक तिथे चालत नाही.

@हिरवळ, लवचिकता तपासायला हवी हे बरोबर. पण बोटं धरताना कंबर वाकून निम्मं काम करते, त्यामुळे मांडीचं खरं चित्र दिसत नाही. आणि वेगात पळताना पाय पुढे फेकला की टाच जमिनीला टेकायच्या जरा आधी हा स्नायू लांब होत असतानाच पायाला ब्रेक लावतो. बहुतेक वेळा तो तिथेच फाटतो. म्हणून नुसता लांब होतो का एवढं बघून भागत नाही, लांब असताना जोर लावतो का हे बघायला हवं.

माणदेशी

ताई, दुखरी जागा मांडीच्या मध्यावर, थोडी बाहेरच्या बाजूला. बसताना कधीच दुखलं नाही, आवाजही नाही. सुरुवातीला दाबल्यावर चार बोटं रुंदीचा भाग दुखायचा. आज तिलाच दाबून दाखव म्हटलं तर बोटाच्या पेराएवढी जागा सांगते, तीही जोरात दाबल्यावर.

पुणेरी धावक

मलाही हॅमस्ट्रिंगचा त्रास आहे. वय ४१, हाफ मॅरेथॉन करतो. गाडी चालवताना नितंबाखाली दुखतं, पळायला लागलं की दोन किलोमीटरनंतर बरं वाटतं. मीही हेच करू का?

फिजिओताई

@पुणेरी धावक, एका क्षणी झालेली दुखापत आणि हळूहळू वाढलेलं, बसल्यावर होणारं दुखणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुमचं कंडरेचं असू शकतं, कमरेतूनही येत असू शकतं. प्रत्यक्ष दाखवा आणि इथे वेगळा धागा काढा, तिकडे बोलू.

@माणदेशी, जागा छोटी होत चाललीय ही चांगली खूण आहे. आता दिवस मोजू नका, दारं मोजा. एक दार उघडलं तरच पुढच्याला हात लावायचा.

जॉगिंगचं दार असं. तिला पालथं झोपवा, गुडघा अगदी थोडा वाकवून ठेवायला सांगा आणि टाचेवर हाताने दाब द्या. तिने टाच वर ओढायची. आधी चांगला पाय, मग दुखावलेला. दुखता कामा नये आणि जोरात फरक जाणवता कामा नये. मग उताणी झोपवून मांडी उभी धरायला लावा आणि गुडघा सरळ करायला सांगा. बाजूने मोबाइलवर फोटो काढा आणि दोन्ही पायांचे फोटो शेजारी ठेवून बघा. डोळ्याला सहज दिसेल इतका फरक असेल तर थांबा.

वेगाच्या धावांचं दार बाकावर. साठेक सेंटीमीटर उंचीचा बाक घ्या. उताणं झोपून एका पायाची टाच त्यावर, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत, हात छातीवर. कंबर पूर्ण वर, मग खाली, सावकाश. दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवा. दुखावलेल्या पायाने चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी मारायला हवेत. आणि दोन्ही पायांनी वीसही होत नसतील, तर ती बरोबरी मी मानणार नाही, आधी ताकद वाढवा.

आणि रोजची एक कसोटी: पळवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा दाबून बघणं आणि तोच गुडघा सरळ करून बघणं. मैदानावर मुलं दुखत नाही म्हणतात, विशेषतः स्पर्धा जवळ असली की. सकाळचा पाय खरं सांगतो. आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं किंवा आखडलं तर एक पायरी मागे जा. शून्यावर जायची गरज नाही.

जुना हर्डलर

फिजिओताईंनी दारं छान सांगितली. मी धावण्याबद्दल बोलतो, कारण गोंधळ तिथेच होतो. आपण म्हणतो, 'सत्तर टक्क्यांनी पळ.' पोरगी तिला सत्तर वाटेल तसं पळते. शर्यतीची सवय असलेल्या मुलांचं सत्तर हे घड्याळावर सत्तर नसतं, बरंच वर असतं. आणि ऐंशीच्या पुढे या स्नायूवरचा ताण झपाट्याने वाढतो. तेव्हा टक्के तिला विचारू नका, घड्याळाला विचारा.

दुखापतीआधीची तिची धावत येऊन घेतलेल्या २० मीटरची सर्वोत्तम वेळ आहे का? असेल तर गणित सोपं आहे. समजा ती २.४० सेकंद आहे. त्याला ०.७ ने भागलं की ३.४३, म्हणजे सत्तर टक्के वेग. ऐंशीला ३.००, नव्वदला २.६७, पंच्याण्णवला २.५३.

२० मीटर हळूहळू वेग वाढवत यायचं, पुढचे २० मीटर तोच वेग धरायचा, मग निदान ३० मीटर सोडत सोडत थांबायचं. एकदम ब्रेक मारून थांबणं ही स्नायूसाठी वेगळीच परीक्षा असते, ती इतक्यात नको. अशा चार ते सहा धावा, मध्ये चालत परत. पुढचं असं सत्र दोन दिवसांनी. सरळ रेषेत जमल्यावरच वळण. ब्लॉक आणि स्पाइक्स सगळ्यात शेवटी, आणि ब्लॉकआधी उभ्याने सुरुवात.

माणदेशी

हर्डलर सर, तिची वेळ डायरीत आहे, आणि योगायोगाने तीच, २.४०! ताईंची पहिली दोन्ही दारं पास झाली. बाकावर चांगला पाय २६, दुखावलेला २४.

काल तुमच्या पद्धतीने पळवलं. 'सत्तर टक्के' एवढंच सांगून पहिली धाव घेतली, तर वेळ आली २.८०. म्हणजे जवळजवळ ८६ टक्के! तिला विचारलं तर म्हणाली, 'सर, मी तर आरामात पळले.' मग तिला प्रत्येक धावेनंतर वेळ सांगत गेलो. तिसऱ्या धावेला ३.४० आली आणि तिला तो वेग अंगात बसला. आज सकाळी दाबून बघितलं, काल होतं तेवढंच.

जुना हर्डलर

उत्तम. एकच सांगतो, ऐंशीच्या पुढे हातातल्या स्टॉपवॉचवर विसंबू नका. नव्वद आणि पंच्याण्णवमध्ये फक्त ०.१४ सेकंदाचा फरक आहे आणि बोटाची चूक तेवढीच होऊ शकते. मोबाइल लांब, स्थिर ठेवा, २० मीटरच्या दोन्ही टोकांचे खुणेचे शंकू एकाच चौकटीत दिसू द्या आणि व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत मोजा. शंकू तिच्या लेनच्या रेघेवरच ठेवा, आत-बाहेर ठेवले तर तिरकं दिसून वेळ चुकते.

मैदानी_९०

थोडा वेगळा मुद्दा. अगदी शून्य दुखणं हवंच, असं आता सगळे मानत नाहीत. दहापैकी चारपर्यंत दुखणं चालवून व्यायाम दिले तरी बरं व्हायला जास्त वेळ लागला नाही, असं अभ्यासात दिसलंय. मग या मुलीला इतकं जपून का?

फिजिओताई

तो अभ्यास मोठ्या माणसांवर, फिजिओच्या नजरेखाली झाला. ताकदीच्या व्यायामात दोनपर्यंतची कुरकुर मीही चालवून घेते, तेवढ्यासाठी व्यायाम थांबवले तर स्नायू कमजोर राहतो. पण वेगाच्या धावेत मी शून्यच मागते. सोळा वर्षांची मुलगी चार आणि सहा यांतला फरक स्पर्धेच्या तोंडावर नीट सांगेल, यावर मी निर्णय सोडणार नाही.

@माणदेशी, शेवटचं दार. पंच्याण्णव टक्क्यांची दोन सत्रं दुसऱ्या दिवशीच्या सकाळसकट स्वच्छ गेली की स्वीडनच्या कार्ल आस्कलिंग यांची कसोटी घ्या. गुडघ्याला ब्रेस बांधून तो सरळ ठेवायचा, उताणं झोपून पाय जमेल तितक्या वेगाने, जमेल तितका वर फेकायचा. दुखलं का, एवढंच विचारू नका. 'भीती वाटली का, पाय सोडवेना असं झालं का?' हे विचारा. हो म्हणाली तर तीन ते पाच दिवस थांबून पुन्हा घ्या. बाकी सगळ्या कसोट्या पास झाल्याशिवाय ही घ्यायची नाही, आणि पहिल्यांदा फिजिओसमोरच घ्या.

मैदानी_९०

मुलांच्या बाबतीतला मुद्दा पटला. पण म्हणजे विभागीयला पळवायचं की नाही?

जुना हर्डलर

दारं वेळेत उघडली तर १०० मीटर पळू द्या, असं माझं मत. २०० नको आणि रिले तर नकोच. एकाच दिवशी फेऱ्या, अंतिम आणि वर रिले झाली की थकलेल्या पायाने पूर्ण वेग मागितला जातो. २०१७ च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत बोल्टचा पाय रिलेच्या शेवटच्या टप्प्यातच गेला होता.

फिजिओताई

मी १०० लाही कचरते आहे. पुन्हा दुखावण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच जास्त असतो, आणि स्पर्धा नेमकी तिथेच येतेय. निदान स्पर्धेआधी सरावात पूर्ण वेगाची तीन-चार सत्रं झालेली हवीत. तेवढी बसत नसतील तर माझं उत्तर नाही.

माणदेशी

कॅलेंडर बघितलं. एकही पायरी मागे गेली नाही, तर पूर्ण वेगाची जेमतेम तीन सत्रं बसतात. एक जरी सकाळ बिघडली तर दोनच. शाळेला आज कळवतोय की नाव १०० मीटरला ठेवा आणि रिलेसाठी दुसरी मुलगी तयार करा. तिच्या वडिलांना उद्या मैदानावर बोलावलंय, वह्या आणि वेळा समोर ठेवून सांगेन. परवा ऐंशी टक्के, ३.०० चं सत्र. झालं की इथे लिहितो.

ताई, एक राहिलंच. पालथं झोपून दाब द्यायची कसोटी मुलीवर मी घेण्याऐवजी आमच्या शाळेतल्या मॅडमना शिकवली तर चालेल का? की दर वेळी एकाच माणसाने घेतलेली बरी?

फिजिओताई

मॅडमनाच शिकवा, आणि दर वेळी त्यांनीच घ्यायची. हात बदलला की जोराचा अंदाज बदलतो.