शब्दचर्चा: उत्पादन जीवनचक्रातला चौथा टप्पा – ऱ्हास, उतार की घसरण?

तळटीप: व्यवस्थापनाच्या एका क्रमिक पुस्तकाचं भाषिक संपादन करतेय. प्रॉडक्ट लाइफ सायकलच्या चार टप्प्यांपैकी प्रवेश, वाढ आणि परिपक्वता या तिघांवर लेखकाचं आणि माझं एकमत आहे. चौथ्याला त्यांनी ‘ऱ्हास’ लिहिलंय आणि मी तिथे अडलेय. ऱ्हास म्हटलं की आता सुटका नाही असं वाटतं. या क्षेत्रातली मंडळी प्रत्यक्षात काय म्हणतात? शिवाय काही पुस्तकांत परिपक्वतेनंतर ‘संपृक्तता’ असा आणखी एक टप्पा दिसतो. तो खरंच वेगळा असतो का?

मोडकळीस: ‘मोडीत काढणे’ का नाही घेत? कच्चा माल, कारखाना, वापर आणि शेवटी भंगार, असंच चक्र असतं ना? आमच्याकडे पर्यावरण अहवालात ‘आयुष्यसमाप्ती’ लिहितात.

तळटीप: ते जीवनचक्र मूल्यांकन, त्याचा विषय निराळा. इथे वस्तूचं आयुष्य नाही मोजायचं, तिच्या विक्रीचं मोजायचंय. एखादं यंत्र घरात वीस वर्षं चालेल आणि त्याची विक्री पाच वर्षांत थंडावेल.

मोडकळीस: अच्छा. मग माझा प्रतिसाद मोडीत काढा. :)

एमबीए_रात्रशाळा: यात अडण्यासारखं काय आहे? ऱ्हासच बरोबर. प्रत्येक टप्प्याचं उत्तर ठरलेलं आहे. प्रवेशात लोकांना वस्तू माहीत करून द्यायची, वाढीत दुकानं वाढवायची, परिपक्वतेत प्रतिस्पर्ध्यापेक्षा वेगळेपण दाखवायचं आणि किंमत सांभाळायची. नफा सगळ्यात जास्त परिपक्वतेतच मिळतो. ऱ्हासात जाहिरात बंद करायची, न खपणारे नमुने काढून टाकायचे, उरलेला पैसा वसूल करायचा आणि बाहेर पडायचं. परीक्षेत हेच लिहिलं आणि पूर्ण गुण मिळाले.

जुनाबाजार: पूर्ण गुणांबद्दल अभिनंदन, पण दोन ठिकाणी हात आखडता घ्या. नफ्याचं शिखर सहसा वाढीच्या शेवटाला किंवा परिपक्वतेच्या सुरुवातीलाच येऊन जातं. विक्री त्यानंतरही चढत असते, पण किमती उतरू लागतात आणि विक्रेत्यांना द्यायच्या सवलती वाढतात. म्हणजे विक्रीचा आणि नफ्याचा डोंगर एकाच जागी नसतो. संपृक्ततेचं उत्तरही इथेच आहे. ज्यांना वस्तू घ्यायची होती त्या सगळ्यांनी घेतलेली असते आणि उरते ती बदलीची खरेदी. मी तिला परिपक्वतेचाच मागचा भाग समजतो.

दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे. प्रवेशाची किंमत घ्या. सुरुवातीला चढी किंमत ठेवून हौशी गिऱ्हाइकांकडून मलई काढायची, की कमी ठेवून बाजार पटकन व्यापायचा, हे दोन्ही मार्ग जोएल डीन यांनी 1950 मध्येच मांडले होते. टप्पा एकच आणि उत्तरं दोन. नक्कल करणारे किती लवकर येतील आणि उत्पादन वाढल्यावर खर्च किती उतरेल, यावर निवड ठरते. मग चौथ्या टप्प्याला तरी एकच उत्तर कसं असेल?

पिनवाली: शब्दाबद्दल मत नाही, पण हा प्रश्न माझ्या टेबलावरच आहे, म्हणून लिहिते. आमची कंपनी वायरचे इअरफोन विकते. साहेबांनी वर्षभरापूर्वी आलेख दाखवला, “डिक्लाइन सुरू झालाय” म्हणाले आणि जाहिरातीचं बजेट निम्मं केलं. त्यानंतर विक्री आणखी पडली. साहेब म्हणतात, “बघा, मी म्हणालो नव्हतो?” आकडे गोल करून देते. तीन वर्षांची विक्री 10 लाख, 9 लाख आणि साडेसात लाख नग. वायरच्या इअरफोनचा एकूण बाजार याच वर्षांत 100, 95 आणि 90 लाख नग. तिसऱ्या वर्षी बजेट कापलेलं होतं. हा ऱ्हास म्हणायचा का?

जुनाबाजार: तळटीप, तुमच्या शब्दाचा निकाल या उदाहरणात लागतो की नाही बघा.

पिनवाली, पहिल्या वर्षी बाजारात तुमचा वाटा 10 टक्के होता. तो तेवढाच राहिला असता तर 90 लाखांच्या बाजारात तुम्ही 9 लाख नग विकले असते. विकले साडेसात. म्हणजे अडीच लाखांच्या घटीतली एक लाख बाजार आकसल्यामुळे आहे आणि दीड लाख तुम्ही वाटा गमावल्यामुळे. वाटा दुसऱ्या वर्षी साडेनऊ टक्क्यांच्या जवळ होता आणि तिसऱ्या वर्षी सव्वाआठच्या आसपास आला. वाट्यातली मोठी घट बजेट कापल्यानंतरची आहे. साहेबांचं भाकीत खरं ठरलं, पण निम्म्याहून जास्त खड्डा बाजाराने पाडलेला नाही. जाहिरात कापली म्हणून वाटा पडला असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कोणा प्रतिस्पर्ध्याने किंमत पाडली असेल. पण ‘आपलं वय झालं’ हे कारण मात्र नक्की पुरत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. 10, 9 आणि साडेसात हे आकडे कारखान्यातून वितरकाकडे गेलेल्या मालाचे आहेत, की दुकानातून गिऱ्हाइकाने उचललेल्या? वितरकांनी साठा कमी करायचं ठरवलं तर गिऱ्हाईक तेवढंच घेत असूनही तुमची पाठवणी पडते. नव्या मालाच्या बाबतीत याच्या उलट होतं. दुकानांचे कप्पे पहिल्यांदा भरले जातात ती पाठवणी ‘वाढ’ म्हणून मिरवली जाते आणि पुढच्या तिमाहीत सगळे तोंडात बोट घालतात.

दुसरं असं, की ‘वायरचे इअरफोन’ ही एकच वस्तू धरू नका. आयफोन 7 मधून 2016 साली 3.5 मिलिमीटरची गोल खाच गेली आणि पुढे इतर बऱ्याच फोनांतूनही गेली. टाइप-सी पिनेच्या इअरफोनचा आलेख वेगळा काढा. गोल पिनेचा उतार आणि टाइप-सीचा चढ एकाच बेरजेत लपलेले असू शकतात.

एमबीए_रात्रशाळा: पण ब्लूटूथ आल्यावर वायर जाणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मरणाऱ्या वस्तूवर जाहिरात करायची?

जुनाबाजार: जाणारही असेल. मी एवढंच म्हणतोय की ते आलेखाच्या आकारावरून कळत नाही. तुम्हाला ते कळलं ब्लूटूथवरून, म्हणजे आलेखाबाहेरच्या गोष्टीवरून! आलेख मागचं दाखवतो. दोन तिमाही विक्री पडली तर तो परिपक्वतेतला हेलकावा आहे की शेवटच्या उताराची सुरुवात, हे त्या वेळी ओळखता येत नाही. पुस्तकातली घंटेच्या आकाराची रेष सगळं संपल्यावर काढलेली असते.

जीवनचक्राच्या या कल्पनेवरच 1976 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये धल्ला आणि युस्पेह यांनी झोड उठवली होती. त्यांनी दिलेलं इपाना टूथपेस्टचं उदाहरण पिनवालीच्या साहेबांना वाचून दाखवण्यासारखं आहे. इपाना एके काळी अमेरिकेत घरोघरी होती. ब्रिस्टल-मायर्स कंपनीने पैसा नव्या ब्रँडांकडे वळवला आणि 1968 मध्ये इपाना सोडून दिली. पुढच्या वर्षी मिनेसोटातल्या दोन व्यावसायिकांनी ते नाव उचललं, आतली पेस्ट बदलली आणि वेष्टन जुनंच ठेवलं. फारशी जाहिरात न करता पहिल्या सात महिन्यांत अडीच लाख डॉलरची विक्री झाली. टूथपेस्ट नावाच्या गोष्टीचा ऱ्हास झालाच नव्हता. एका ब्रँडचा पैसा काढून घेतला होता आणि त्याला ‘वय झालं’ असं नाव दिलं होतं.

आडवाटेची: ग्रामोफोनच्या तबकड्या विसरू नका. अमेरिकेत 2020 मध्ये त्यांची कमाई सीडींच्या पुढे गेली, 1980च्या दशकानंतर पहिल्यांदाच. ऱ्हास झालेल्या गोष्टी उठून बसतात!

हिशेबनीस: ही असली उदाहरणं ऐकली की मला धडकी भरते. मी खर्चाच्या बाजूला बसतो. एक इपाना उठली म्हणून प्रत्येक ब्रँड मॅनेजर आपलं पिल्लू वाचवायला पैसे मागतो. न उठलेल्यांवर कोणी लेख लिहीत नाही. तबकड्या परत आल्या म्हणता, पण त्या संग्राहकांसाठी आल्या, सगळ्यांसाठी नाही. टाइपरायटरवर कितीही जाहिरात ओतली असती तरी संगणकापुढे तो टिकला नसता. आकसत्या बाजारात मी विचारतो ते असं: गिऱ्हाइकाची गरज आता दुसरी वस्तू जास्त चांगली भागवते का? आणि जे गिऱ्हाईक उरलंय ते का उरलंय? नाइलाजाने उरलं असेल तर पैसा वसूल करून निघा. आवडीने उरलं असेल तर किंमत थोडी वाढवूनसुद्धा तिथे बरीच वर्षं कमावता येतं, कारण बाकीचे सोडून गेलेले असतात.

जुनाबाजार: हे मान्य. टाइपरायटर हा वस्तूचा प्रकार होता आणि प्रकार खरंच जातात. गरज त्याहून जास्त टिकते, लिहिणं काही थांबलं नाही. ब्रँडचा मात्र काही नेम नाही. जीवनचक्राचा आराखडा प्रकाराला बऱ्यापैकी लागू पडतो, ब्रँडला फार वाईट. आणि गफलत नेमकी अशी होते की प्रकाराचा आलेख डोळ्यांपुढे ठेवून ब्रँडचं बजेट कापतात.

पिनवाली: आमचं उरलेलं गिऱ्हाईक दोन्ही तऱ्हांचं आहे. काही स्वस्त म्हणून घेतात, तर काहींना चार्जिंगची कटकट नको असते आणि व्हिडिओ कॉलवर आवाज मागे पडायला नको असतो. हे दोघं वेगळे मोजलेले नाहीत. आकडे पाठवणीचेच आहेत, आत्ताच विचारून घेतलं. दुकानातली विक्री फक्त मोठ्या साखळ्यांकडून मिळते.

जुनाबाजार: मग तेवढीच घ्या, पण तिन्ही वर्षांना त्याच साखळ्यांची. आणि सगळीकडे बजेट परत मागू नका. दोन विभाग निवडा, एकात जुनं बजेट परत आणा, दुसऱ्यात निम्मंच ठेवा आणि दोन तिमाही वाट बघा. पहिल्यात वाटा सावरला तर कपातीचा निर्णय चुकला होता. नाही सावरला तर साहेब बरोबर.

हिशेबनीस: दोन्ही विभागांत किंमत आणि विक्रेत्याची सवलत सारखी ठेवा. नाहीतर नंतर भांडत बसाल.

तळटीप: मी ‘घसरण’कडे झुकतेय. घसरण म्हटलं की कशामुळे, असं विचारावंसं वाटतं. ऱ्हासाला कारण विचारत नाहीत.

एमबीए_रात्रशाळा: पण ‘घसरण’ शेअर बाजाराची असते, दोन दिवसांची. इथे वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट आहे. ‘उतार’ घ्या निदान.

हिशेबनीस: आमच्या मीटिंगमध्ये सरळ ‘डिक्लाइन’ म्हणतात आणि कोणीच कारण विचारत नाही.

तळटीप: लेखकांना ‘उतार’ आणि ‘घसरण’ दोन्ही कळवते. पुस्तकात टप्प्याच्या व्याख्येखाली थेट ‘जाहिरात कमी करावी’ असं वाक्य आहे, त्याबद्दलही विचारते. त्यांचं उत्तर आलं की इथे टाकते.